एकमेकांना छेदणाऱ्या दोन वक्रांमधलं क्षेत्रफळ: अंतराल नेमका कुठे तोडायचा?

तिरपी_रेघ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या चौघांच्या अभ्यासगटात एका गणितावरून वाद झाला आणि मिटला नाही, म्हणून इथे टाकतोय.

गणित असं: y = x(x−2)² हा वक्र आणि y = x ही रेषा यांनी वेढलेल्या भागाचं क्षेत्रफळ काढा.

मी दोन्हींची वजाबाकी केली, x³ − 4x² + 3x आलं. छेदनबिंदू x = 0, 1 आणि 3. मग 0 ते 3 सरळ इंटिग्रेट केलं, −9/4 आलं. क्षेत्रफळ ऋण नसतं, म्हणून चिन्ह काढून 9/4. दुसऱ्या मित्राने x = 2 पाशी तोडून दोन तुकडे केले, प्रत्येकाचं चिन्ह काढलं आणि बेरीज केली. त्याचंही 9/4 आलं. तिसऱ्याचं 8/3. चौथी म्हणते 37/12, आणि पुस्तकाच्या मागेही 37/12 च आहे.

माझं म्हणणं असं की दोन वेगळ्या वाटांनी 9/4 आलंय, तर पुस्तकातलं उत्तर चुकलं असण्याचीच शक्यता जास्त. शेवटी चिन्ह काढायचंच असेल तर मध्ये तोडाफोडी कशाला?

---

मोगरा

37/12 बरोबर आहे. आकृती काढा, लगेच दिसेल.

---

घनमूळ

चौथ्या मैत्रिणीला माझ्यातर्फे शाबासकी सांगा.

बाकी तोडायचं कुठे याचा नियम सोपा आहे. वक्र x-अक्षाला जिथे भेटतो तिथे तोडायचं, कारण अक्षाच्या खालचा भाग ऋण मोजला जातो. इथे x(x−2)² शून्य होतं 0 ला आणि 2 ला. म्हणजे 2 ला तोडणाऱ्या मित्राची पद्धत बरोबर आहे, आकडेमोडीत काहीतरी गडबड झाली असणार.

---

जुनी_वही

घनमूळ, थोडं थांबा. मित्राच्या आकडेमोडीत गडबड नाही. तोडायची जागाच चुकली आहे.

दोन वक्रांमधल्या क्षेत्रफळात x-अक्षाचा काहीच संबंध नसतो. या गणितात तर 0 ते 3 मध्ये वक्र आणि रेषा दोन्ही अक्षाच्या वर किंवा अक्षावरच आहेत, खाली कुणी जातच नाही. तरीही इंटिग्रल ऋण आलं. याचा अर्थ ते ऋण चिन्ह अक्षामुळे आलेलं नाही. आपण वजाबाकी करतो 'वक्र उणे रेषा', आणि जिथे रेषा वर असते तिथे ही वजाबाकी ऋण होते. एवढीच गोष्ट आहे.

आता चिन्हं बघू. वजाबाकी म्हणजे x(x−1)(x−3). 0 आणि 1 च्या मध्ये x = 1/2 घ्या: वक्राची उंची 1.125, रेषेची 0.5. वक्र वर. 1 आणि 3 च्या मध्ये x = 2 घ्या: वक्र 0 वर टेकलेला, रेषा 2 वर. रेषा वर. म्हणजे x = 1 पाशी वरचा-खालचा बदलतो, आणि तोडायचं ते तिथे.

इंटिग्रेट केल्यावर मिळतं

F(x) = x⁴/4 − 4x³/3 + 3x²/2

F(0) = 0, F(1) = 5/12, F(3) = −27/12

पहिला तुकडा: 5/12. दुसरा तुकडा: −27/12 − 5/12 = −32/12, म्हणजे क्षेत्रफळ 32/12. बेरीज 37/12.

आता धागाकर्त्याचं 9/4 कुठून आलं ते पाहा. 9/4 म्हणजे 27/12, आणि 27 = 32 − 5. मोठ्या पाकळीतून छोटी पाकळी वजा झाली. चिन्ह शेवटी काढलं तोवर ही वजाबाकी होऊन गेली होती, आता ती परत कशी येणार? म्हणूनच चूक बरोब्बर छोट्या पाकळीच्या दुपटीएवढी आहे: 37/12 − 27/12 = 10/12. एकदा ती मिळवायची राहिली आणि वर आणखी एकदा वजा झाली.

---

तिरपी_रेघ

जुनी_वही सर, हे पटलं. पण मित्राने तर प्रत्येक तुकड्याचं चिन्ह वेगवेगळं काढलं होतं. मग त्याचंही माझ्याइतकंच का आलं? हा योगायोग वाटत नाही. आणि 8/3 चं काय?

---

मोगरा

8/3 मी सांगते. 8/3 म्हणजे 32/12, फक्त मोठी पाकळी. तुमच्या तिसऱ्या मित्राने x(x−2)² = x असं समीकरण मांडलं असणार आणि दोन्ही बाजूंना x ने भागलं असणार. मग (x−2)² = 1, म्हणजे x = 1 आणि x = 3. शून्य गायब! 1 ते 3 केलं आणि थांबला. त्याचं पुढचं सगळं काम बरोबर आहे, फक्त एक छेदनबिंदू भागाकारात गेला.

विचारून बघा त्याला.

---

तिरपी_रेघ

विचारलं. अगदी हेच केलंय त्याने. मोगरा, तुम्ही त्याची वही पाहिलीत की काय!

---

मोगरा

वही कशाला पाहायला हवी, उत्तरच बोलतं :) समीकरणाला x ने भागू नका. सगळं एका बाजूला आणा आणि x सामाईक काढा.

---

जुनी_वही

मित्राच्या 2 पाशी तोडण्याबद्दल.

योगायोग नाहीच. F च्या किमती ओळीने पाहा: 0 ला 0, 2 ला −8/12, 3 ला −27/12. मित्राला 0 ते 2 मध्ये −8/12 मिळालं आणि 2 ते 3 मध्ये −19/12. दोन्ही ऋण. दोन्हींची चिन्हं काढून बेरीज केली तर 27/12 च येणार, कारण ज्या आकड्यांची चिन्हं आधीच सारखी आहेत त्यांची चिन्हं एकेक करून काढा नाहीतर बेरजेनंतर एकदाच काढा, फरक पडत नाही. त्याच्या पहिल्या तुकड्यात 0 ते 1 ची धन पाकळी आणि 1 ते 2 चा ऋण भाग एकत्र अडकलेत, आणि तिथे आतल्या आत वजाबाकी झालीच. म्हणजे तुमच्या दोन वाटा वेगळ्या नव्हत्या. चूक एकच, फक्त दोन कागदांवर.

मी शिकवताना F कडे घाटातल्या रस्त्यासारखं पाहायला सांगतो. F(3) − F(0) म्हणजे सुरुवातीच्या आणि शेवटच्या ठिकाणाच्या उंचीतला फरक. आपल्याला हवी असते एकूण चढ-उतार. 0 वरून 5/12 पर्यंत चढलो, तिथून −27/12 पर्यंत उतरलो. चढ 5/12, उतार 32/12. रस्ता जिथे वळून चढाचा उतार होतो तिथली उंची नोंदवली नाही, तर मधला चढ हिशेबात येत नाही. आणि F चा चढ संपून उतार सुरू होतो तो बिंदू म्हणजेच वजाबाकीचं चिन्ह जिथे बदलतं तो बिंदू. x = 2 हे नुसतं उतारावरचं एक ठिकाण आहे. तिथे उंची मोजलीत तर नुकसान नाही, पण फायदाही नाही.

याचा एक व्यवहारी उपयोग आहे. सगळे छेदनबिंदू हातात असतील तर कुठे कोण वर आहे हे ठरवत बसायची गरज पडत नाही. F एकदाच काढा, प्रत्येक छेदनबिंदूवर किंमत काढा, लागोपाठच्या किमतींतले फरक घ्या, चिन्हं काढा, मिळवा.

---

घनमूळ

मग अक्षापाशी तोडायचा नियम आम्हाला शिकवला तो खोटा?

---

जुनी_वही

खोटा नाही. 'वक्र आणि x-अक्ष यांच्यामधलं क्षेत्रफळ' विचारलं की दुसरा वक्र y = 0 असतो. तेव्हा वजाबाकी म्हणजे वक्र स्वतःच, आणि तिचं चिन्ह अक्षापाशी बदलतं. दुसरा वक्र बदलला की तोडायची जागा बदलते. तुमचा नियम एका जागेपुरता खरा आहे, तो उचलून दुसरीकडे नेला तर फसवतो.

---

घनमूळ

हे मान्य. पण मग आणखी एक शंका. y = x(x−2)² आणि x-अक्ष यांच्यामधलं 0 ते 3 चं क्षेत्रफळ विचारलं, तर 2 ला तोडायचं की नाही? तिथे वक्र अक्षाला भेटतो तर खरं.

---

मोगरा

भेटतो, पण पलीकडे जात नाही. टेकून परत वर येतो. (x−2) चा वर्ग आहे ना, तो दोन्ही बाजूंना धनच. चिन्ह बदलत नाही, तोडायची गरज नाही. तोडलंत तरी उत्तर तेच. घात विषम असेल तर चिन्ह बदलतं, सम असेल तर नाही.

---

सांजवेळ

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. y² = x आणि y = x − 2 यांच्यामधलं क्षेत्रफळ काढताना मी छेदनबिंदू काढले: (1, −1) आणि (4, 2). मग 1 ते 4 केलं. उत्तर 19/6 आलं, पुस्तकात 9/2. इथे तर मध्ये कुठे छेदच नाही, तरी म्हणतात x = 1 ला तोडा. म्हणजे छेदनबिंदूवर तोडा हा नियमसुद्धा पुरेसा नाही असं दिसतंय. तुम्ही सगळे नुसतं छेदनबिंदू छेदनबिंदू करताय.

---

जुनी_वही

सांजवेळ ताई, चांगलं उदाहरण आणलंत, पण हा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. धाग्यातल्या गणितात वरचा आणि खालचा एकमेकांची जागा घेतात. तुमच्या गणितात वरची सीमा सगळीकडे √x च आहे, खालची सीमा मात्र बदलते. 0 ते 1 मध्ये खाली पॅराबोलाचाच दुसरा अर्धा भाग आहे, −√x. 1 नंतर खाली रेषा येते. तुम्ही 1 पासून सुरुवात केलीत तेव्हा 0 ते 1 मधलं टोक कापलं गेलं. त्याचं क्षेत्रफळ 2√x चं इंटिग्रल, म्हणजे 4/3. आता 4/3 + 19/6 = 27/6 = 9/2. तुमचं 19/6 बरोबर होतं, फक्त अपुरं होतं.

y च्या दिशेने गेलात तर तोडावंच लागत नाही. आडव्या पट्ट्या घ्या: उजवीकडे y + 2, डावीकडे y², y −1 पासून 2 पर्यंत. एका दमात 9/2.

---

सांजवेळ

आडव्या पट्ट्यांनी केलं, आलं. पण मग प्रत्येक गणितात आधी हे ठरवायचं की पट्टी उभी की आडवी. आणि ते आकृतीशिवाय कळणार कसं?

---

मोगरा

म्हणूनच मी पहिल्याच प्रतिसादात आकृती म्हटलं होतं.

---

शून्यशेष

आकृतीवर माझा तेवढा विश्वास नाही. धाग्यातल्या गणितात 0 ते 1 ची पाकळी इतकी बारीक आहे की घाईत काढलेल्या आकृतीत ती दिसतच नाही. सर्वांत जास्त अंतर 0.63 च्या आसपास, तेही x = 0.45 जवळ. हाताने काढलेल्या वक्रात रेषा आणि वक्र तिथे चिकटलेलेच दिसतात. मी आधी अवयव पाडतो, मुळं एका रेषेवर मांडतो, प्रत्येक खणात एक किंमत टाकून चिन्ह लिहितो. आकृती नंतर, हवी असेल तर.

---

मोगरा

अवयव पडले तर ना! cos x आणि x² चे छेदनबिंदू कसे काढणार अवयव पाडून? तिथे आकृतीनेच कळतं की दोनच छेद आहेत, शून्याच्या एकेका बाजूला. मग अंदाजी किंमत काढायची, 0.824 च्या जवळ.

---

शून्यशेष

ते मान्य. पण बहुपदी असेल तर मी चिन्हांचीच मांडणी करणार.

---

पट्टीपेन्सिल

उत्तर तपासायची एक युक्ती सांगतो, या गणितावर मस्त चालते. दोन्ही टोकांना अंतर शून्य असलेल्या पाकळीचं क्षेत्रफळ: रुंदी गुणिले मधोमधचं अंतर गुणिले 2/3. हा सिम्पसनचाच नियम आहे, टोकांची अंतरं शून्य असल्यामुळे एवढाच उरतो.

मोठी पाकळी: रुंदी 2, मधोमध म्हणजे x = 2 ला अंतर 2. 2 × 2 × 2/3 = 8/3.

छोटी पाकळी: रुंदी 1, x = 1/2 ला अंतर 0.625. 1 × 0.625 × 2/3 = 5/12.

बेरीज 37/12. इंटिग्रेशन न करता!

---

तिरपी_रेघ

हे अंदाजे आहे की अगदी बरोबर? आकडे तर तंतोतंत जुळतायत.

---

जुनी_वही

इथे तंतोतंत आहे. सिम्पसनचा नियम तिसऱ्या घातापर्यंतच्या बहुपदीला अचूक उत्तर देतो आणि आपली वजाबाकी तिसऱ्या घाताचीच आहे. चौथा घात आला की अंदाज होतो. पण अंदाज म्हणूनही उपयोगी आहे: मोठी पाकळी एकटीच 2.67 ची निघाली, तर एकूण 2.25 येणं शक्यच नाही हे तिथेच कळतं. पट्टीपेन्सिल यांची युक्तीही पाकळ्या बरोबर ओळखल्या असतील तरच चालते. 0 ते 3 ही एकच पाकळी धरलीत तर x = 1.5 ला अंतर 1.125, उत्तर पुन्हा 9/4!

---

नोंदवही_क्रमांक_दोन

मी कामावर हे वेगळ्या रूपात करते. माझ्याकडे सूत्र नसतं, दोन यंत्रांच्या मोजमापांचे आकडे असतात आणि त्यांच्यात एकूण किती तफावत आहे ते काढायचं असतं. वजाबाकीचं चिन्ह आधीच काढते आणि मग समलंब चौकोनांनी बेरीज करते. म्हणजे जुनी_वही म्हणतात ती चूक होत नाही. तरी उत्तर जरा जास्तच येतं. का येत असेल?

---

जुनी_वही

चिन्ह आधी काढता हे उत्तम. पण ज्या खणात दोन आलेख छेदतात तो खण बघा. समजा रुंदी 1, डावीकडे फरक 3, उजवीकडे −1. तुम्ही चिन्ह काढून 3 आणि 1 ची सरासरी घेता, 2 येतं. प्रत्यक्षात फरक सरळ रेषेत बदलतोय असं धरलं तर तो खणाच्या तीन-चतुर्थांशावर शून्य होतो. म्हणजे दोन त्रिकोण होतात:

(1/2)(3/4)(3) + (1/2)(1/4)(1) = 9/8 + 1/8 = 1.25

2 नव्हे, 1.25. चिन्ह काढलं तरी खण छेदापाशी तोडला नाही, म्हणून वाढीव आलं. चिन्ह बदलणाऱ्या खणांपुरते त्रिकोण करा, बाकीचे जसे आहेत तसे राहू द्या.

---

नोंदवही_क्रमांक_दोन

माझ्या आकड्यांत आलेख सारखे एकमेकांना छेदत राहतात, जवळजवळ प्रत्येक चौथ्या खणात. म्हणजे फरक बराच पडत असणार. पण त्यातले कितीतरी छेद नुसत्या मोजमापाच्या थरथरीमुळे आहेत, ते खरे छेद धरायचे का?

---

शून्यशेष

तो गणिताचा प्रश्न राहत नाही. आधी आकडे गुळगुळीत केलेत तर क्षेत्रफळ कमी येणार, नाही केलेत तर थरथरही तफावतीत मोजली जाणार. तुम्हाला काय मोजायचंय त्यावर आहे.

---

तिरपी_रेघ

गटातल्या मैत्रिणीने आता नवीन खोडी काढलीय. तेच वक्र, पण 'x = 0 ते x = 4'. मी जुनी_वही सरांच्या पद्धतीने केलं: F(4) = 32/12. किमती ओळीने 0, 5/12, −27/12, 32/12. फरक 5, 32, 59, सगळे बारावे भाग. बेरीज 96/12, म्हणजे 8.

---

पट्टीपेन्सिल

8 बरोबर. तिसऱ्या तुकड्याला माझी 2/3 ची युक्ती लावू नका, x = 4 ला अंतर शून्य नाही, 12 आहे. तिथे सिम्पसनचं पूर्ण सूत्र लागेल: (0 + 4 × 4.375 + 12)/6 = 59/12. जुळतं.

---

मोगरा

आणि न तोडता 0 ते 4 केलं असतं तर 32/12, म्हणजे 8/3. तुमच्या तिसऱ्या मित्राचं उत्तर! दोन उत्तरं जुळली म्हणजे बरोबर, हे तुमचं पहिल्या पोस्टमधलं म्हणणं आता सोडलंत ना?

---

तिरपी_रेघ

सोडलं :) पुस्तकाची माफीही मागितली.

---

घनमूळ

पण 3 ते 4 मधला भाग वेढलेला नाहीये. एका बाजूला x = 4 ची उभी रेषा धरावी लागते. 'वक्रांनी वेढलेला भाग' विचारलं तर 4 पर्यंत जायचं का?

---

जुनी_वही

'वक्रांनी वेढलेला' एवढंच असेल तर 3 ला थांबायचं. 'x = 0 ते x = 4 मध्ये' असं लिहिलं असेल तर 4 पर्यंत जायचं, उभी रेषा सीमा धरून.

---

शून्यशेष

आणि प्रश्नात दोन्ही लिहिलं असेल तर? 'x = 0 ते x = 4 मध्ये वक्रांनी वेढलेला भाग'. मी अशी भाषा पाहिली आहे. माझ्या मते 37/12.

---

मोगरा

माझ्या मते 8. मर्यादा मुद्दाम दिल्यात तर त्या वापरायच्याच.